ओळंब्याची दोरी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. चष्म्याच्या दुकानात असला स्वभाव काही कामाचा नाही. समोरचं माणूस खुर्चीत बसलेलं असतं, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम असते, मी एकेक काच घालून विचारते, "ही चांगली का आधीची?" आणि ते निवांत म्हणतं, "दोन्ही सारख्याच वाटून राहिल्या की वो ताई." झालं! तिथून माझ्या पायाचा अंगठा जमीन उकरायला लागतो. तरी लातुरात बावीस वर्षं मी हेच करते आहे, लोकांचे नंबर काढते.

दुकानात आम्ही दोघंच असायचो. पुढं मी, मागं बाबा. मध्ये लाकडी पार्टिशन आणि त्याला वीतभर खिडकी. मी डोळे तपासायचे, नंबर वहीत उतरवायचा, तोच एका चिठ्ठीवर लिहून ती खिडकीतून आत सरकवायची. बाबा आत काच निवडणार, मशीनवर तिची दिशा बघून शाईचे तीन ठिपके देणार, कडा घासून ती फ्रेममध्ये बसवणार. आता काचा जवळपास सगळ्या प्लॅस्टिकच्याच येतात, पण आम्ही त्यांना काचच म्हणतो.

बाबा मूळचे नांदेडचे. तिथल्या एका उस्तादाच्या हाताखाली ते काच घासायला शिकले, मग स्वतःचं दुकान चालवलं, आणि आई गेल्यावर ते बंद करून माझ्याकडं आले. आले ते सरळ मागच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचा एकच नियम होता. चिठ्ठीवर आकडे मराठीतच पाहिजेत. उस्तादांनी सांगितलं होतं म्हणे, की कारागिराला एकच लिपी ठेवावी, दोन ठेवल्या की घोळ होतो. मी हसायचे, पण लिहायचे मराठीतच.

पुढं दुकानात कॉम्प्युटर आला. वही गेली, नंबर स्क्रीनवर टाकायला लागले, ते अर्थातच इंग्रजी आकड्यांत. चिठ्ठी तेवढी मराठीत राहिली, कारण तिच्यासाठी बाबा अडून बसले.

आता खरी गोष्ट सांगते. त्या वर्षी मला बाबांच्या हाताची शंका यायला लागली होती. एका काचेवर ओरखडा आला. एका फ्रेमची कडा तडकली. एकदा स्क्रू शोधायला त्यांनी टेबलावर इतका वेळ हात फिरवला की मलाच उठून तो त्यांच्या बोटाजवळून उचलून द्यावा लागला. "बाबा, तुमचे डोळे तपासू का?" म्हटलं की चिडायचे. "मला काय झालंय? तू गिऱ्हाईक बघ." शहरात आता मोठ्या लॅब झाल्यात, चिठ्ठी पाठवली की काचा कापून, बसवून चष्मा घरपोच येतो. मी अधूनमधून तसं बोलून दाखवायचे. बाबा त्या दिवशी जेवायला उशिरा उठायचे. त्यांच्याकडं त्या खुर्चीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं हे मला कळत होतं. तरी बोलायचे. माझी जीभ अशीच आहे.

एक दिवस दुपारी औशाकडचा एक गवंडी दुकानात शिरला. आठवड्यापूर्वीच चष्मा नेला होता त्यानं. चाळिशीचा माणूस, पायावर सिमेंट वाळलेलं. एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात ओळंबा. भिंत उभी सरळ आली का ते बघायला गवंडी जी दोरी सोडतात, तिच्या टोकाला पितळेचा गोळा असतो, तो.

"ताई, चष्मा वाकडा हाय," तो म्हणाला.

"फ्रेम वाकली का? आणा इकडं, नीट करते."

"फ्रेम न्हाई वो. चष्मा वाकडा हाय. ह्यातनं पाह्यलं की भिताड झुकतं, अन् ओळंब्याची दोरी बी झुकती. मला सांगा, भिताड झुकंल, दोरी कशी झुकंल?"

मी उभ्या उभ्याच माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. त्याच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर होता. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असायला हवा. कुणाकुणाचा तो चमच्याच्या पाठीसारखा असतो, एका दिशेनं वाक जास्त, दुसऱ्या दिशेनं कमी. मग प्रकाश आत जाऊन एका ठिपक्यात गोळा होत नाही, ओढल्यासारखा होतो, अक्षराची एक रेघ ठळक आणि दुसरी पुसट दिसते. त्याच्यावर जी काच देतात ती एकाच दिशेनं काम करते. डोळ्यात जिथं वाक कमी-जास्त आहे त्याच दिशेला ती बसवावी लागते. ती दिशा अंशांत लिहितात, तिला आम्ही ॲक्सिस म्हणतो. असा चष्मा नवीन नवीन घातला की आठ-दहा दिवस जमीन तिरकी वाटते, मग डोळा सरावतो.

"आठ दिवस झाले," गवंडी म्हणाला. "अन् सरावायचं काय त्यात? म्या डावा डोळा मिटून उजव्यानं दोरी बघतो, आमचं काम एका डोळ्याचंच असतंय. उजव्यानं तिरकी तर तिरकी, वर धुरकट बी दिसून राहिली. चष्म्यापरीस बिनचष्म्याचंच बरं दिसतंय. मालक म्हणून राहिला, मिस्त्रीला दिसंना झालंय, दुसरा मिस्त्री बघतो."

हे ऐकून मात्र माझा अंगठा थांबला. नुसती सवयीची गोष्ट असती तर तिरकं दिसलं असतं, धुरकट नाही.

"कोण म्हणतंय दोरी झुकती?" पार्टिशनच्या मागून बाबांचा आवाज आला. ते कधी बाहेर यायचे नाहीत. त्या दिवशी आले. दोरी हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता ना!

बाबांनी त्याच्या हातातला ओळंबा घेतला आणि दाराच्या चौकटीला वर जो खिळा होता त्याला दोरी बांधली. पितळी गोळा हलत हलत थांबला. मग त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "मिस्त्रीला काही थंड सांग. उन्हातून आलाय." शेजारच्या टपरीवरून लिंबूपाणी आलं, काचेच्या ग्लासात, स्ट्रॉ घातलेलं. गवंड्यानं ओठाला लावायच्या आधीच बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. ही नळी बघ. वरनं तिरकं बघ."

"मोडल्यासारखी दिसून राहिली."

"मोडली का?"

"न्हाई. पाण्यात तशी दिसतीच की. नदीत काठी घातली तरी दिसती."

"का दिसती?"

गवंडी हसला. "ते मास्तरला ठाऊक."

बाबा मास्तर नव्हते, आठवीपर्यंत शिकलेले. पण त्यांनी सांगितलं ते मला माझ्या कॉलेजातल्या सरांपेक्षा जास्त कळलं. ते म्हणाले, "बैलगाडी काळ्या चिखलातून तिरकी डांबरी रस्त्यावर चढती, तेव्हा काय होतं? एक चाक आधी रस्त्यावर येतं, ते पटकन पळतं. दुसरं अजून चिखलातच. गाडी वळती का न्हाई? उजेडाचं तसंच. पाण्यात तो हळू चालतो, हवेत जोरात. पाण्यातून तिरका बाहेर निघाला की वळतो. आपला डोळा येडा. त्याला वाटतं, उजेड सरळच आलाय. म्हणून तो सरळ रेघ मागं लावून बघतो अन् नळीचं पाण्यातलं टोक आहे त्याच्याहून वर दिसतं. नळी सरळच असती. वळतो तो उजेड."

"अन् चष्मा?"

"चष्मा म्हणजे तेच की रे. पाण्याच्या जागी काच. पाण्याचं वरचं तोंड सपाट, काचेला आपण पाहिजे तसा वाक देतो. कडेला जाड ठेवली तर उजेड पसरतो, मध्ये जाड ठेवली तर गोळा होतो. तुझ्या डोळ्यानं जे चुकीचं वळवलं, ते काचेनं आधीच उलटं वळवून द्यायचं. म्हणजे आत जाऊन हिशोब बरोबर. पी आता."

गवंडी लिंबूपाणी प्यायला लागला. बाबांनी त्याचा चष्मा उचलला, हात लांब करून उजवी काच दोरीसमोर धरली. काचेच्या मध्यातून दोरी जाईल असा. मीही त्यांच्या खांद्याजवळ जाऊन बघितलं. काचेच्या वर दोरी सरळ, काचेच्या खाली सरळ, आणि काचेतला तुकडा मात्र तिरका, जसा नळीचा पाण्यातला. उस्तादांच्या वेळी मशीन नव्हतं, तेव्हा काच अशीच तपासायचे. सिलिंडरची दिशा दोरीशी जुळली की रेघ अखंड होते, नाही जुळली की मोडते. मग चष्मा गोल फिरवत जायचं, रेघ कुठं सांधते ते बघायचं, आणि किती फिरवला त्यावरून अंश काढायचा.

बाबांनी चष्मा हळूहळू फिरवला. मला वाटलं थोडासा फिरवला की सांधेल. सांधेना. त्यांनी अजून फिरवला, अजून, तेव्हा कुठं दोरी एक झाली.

"चाळीस," बाबा म्हणाले. "चाळीसवर हाय ही काच."

मी कॉम्प्युटरकडं धावले. त्याचं कार्ड उघडलं. उजवा डोळा, सिलिंडर वजा सव्वा, ॲक्सिस ऐंशी. ऐंशी! चाळीस अंशांचा फरक. एवढ्या फरकानं काच डोळ्याची चूक काढत नाही, उलट त्यात भर घालते. माणसाला बिनचष्म्याचंच बरं दिसणार, नाही तर काय!

मग माझं तोंड सुटलं. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. "ऐंशीचं चाळीस केलंत बाबा? दिसत नाही तर सांगत का नाही? किती वेळा म्हटलं डोळे तपासा, किती वेळा! लोकांचे डोळे आहेत हे, खेळ लावलाय का? ह्याचं काम गेलं असतं." गवंडी ग्लास हातात धरून उभा राहिला, "ऱ्हाऊ द्या ताई, ऱ्हाऊ द्या," म्हणत. मी थांबले नाही. दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या.

बाबांनी एकदा मागं, आपल्या टेबलाकडं बघितलं. तिथं भिंतीला तार होती, झालेल्या कामाच्या चिठ्ठ्या ते तिला टोचून ठेवायचे. आत गेले, थोडा वेळ तिथं उभे राहिले. मग बाहेर येऊन गवंड्याला म्हणाले, "मिस्त्री, माझ्या हातून गलती झाली. तासाभरात दुसरी काच बसवून देतो."

"तुम्ही नका बसवू," मी म्हटलं. "मी लॅबकडून करून घेते. आजपासून सगळंच."

बाबांनी टेबल पुसलं. काच घासायच्या मशीनवर कपडा टाकला. मागच्या कपाटाची किल्ली आणून माझ्या काउंटरवर ठेवली. गवंड्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. जाताना ओळंबा सोडायला त्यानं हात वर केला आणि परत खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या हितंच. माझ्याकडं दुसरा हाय. नवा चष्मा ह्याच्यावरच बघू." त्याला बहुतेक तिथून लवकर निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नांदेडला भावाकडं निघून गेले. "थोडे दिवस जाऊन येतो," म्हणाले. मी बसस्टँडवर सोडायलाही गेले नाही, दुकान उघडायचं होतं.

लॅबचं काम चांगलं होतं. खोटं कशाला बोलू? गवंड्याचा नवा चष्मा आला, मी तो मशीनवर बघितला, दोरीसमोर धरून बघितला, ऐंशीच होता. तो आला, डावा डोळा मिटून दोरीकडं बघितलं आणि म्हणाला, "हाव. आता उभी हाय." मग पार्टिशनकडं बघून विचारलं, "काका कुठं?"

"नांदेडला गेलेत."

"लई चांगलं सांगितलं त्यांनी बैलगाडीचं. म्या साईटवर सगळ्यांला सांगितलं." दोरीकडं हात नेला आणि म्हणाला, "ओळंबा त्यांलाच द्या. त्यांच्या कामाचा हाय."

तो गेला आणि मी दुकानात येरझारा घालायला लागले. त्या दिवसांत मला कुठंच बसवत नव्हतं. नंबर काढताना सवयीनं चिठ्ठी खिडकीशी न्यायची, आत अंधार दिसायचा, मग परत फिरायचे. खुर्च्यांच्या जागा बदलल्या, परत होत्या तशा लावल्या. शोकेसच्या काचा दिवसातून तीनदा पुसल्या. नवरा म्हणाला, "फोन कर की बाबांना." मी म्हटलं, "मी का करू? चूक त्यांची आहे." तरी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

आठ-दहा दिवसांनी, हातांना काहीतरी पाहिजे म्हणून, मी बाबांचं टेबल आवरायला घेतलं. तारेवरच्या चिठ्ठ्या सोडवल्या. सगळ्या माझ्याच अक्षरातल्या. का कोण जाणे, गवंड्याची चिठ्ठी शोधायला लागले. ती तारेवर नव्हती. तिच्या आधीची होती, नंतरचीही होती. मग खणात बघितलं. चष्मे पुसायचा मऊ कपडा घडी करून ठेवला होता, त्या घडीत ती सापडली.

चिठ्ठी माझीच. उजवा, वजा १.२५, सगळं मराठी आकड्यांत. आणि पुढं ॲक्सिस म्हणून जो आकडा लिहिला होता, तो मी लिहिला होता स्क्रीनवर बघून, घाईत, इंग्रजी. मला आठवलंसुद्धा. तेव्हा फोन वाजत होता आणि मी तो खांद्यात धरून लिहीत होते. इंग्रजी आठ मी वरून काढायला लागते, खालून वळसा घेऊन वर जाते. घाईत असले की वरचं तोंड मिटतच नाही. कागदावर जे उमटलं होतं ते माझ्यासाठी 80 होतं. आणि जो माणूस सगळी चिठ्ठी मराठीत वाचत आलाय, त्याच्यासाठी तो स्वच्छ, चांगला, ठळक ४० होता.

मी खाली बसले. त्यांच्या खुर्चीत. खूप वेळ बसले, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मग जाणवलं. ही चिठ्ठी तारेवरून काढून कपड्यात घालणारे बाबाच. त्या दिवशी आत गेले, उभे राहिले, तेव्हाच त्यांनी बघितलं होतं. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते बाहेर येऊन म्हणाले, माझ्या हातून गलती झाली.

शटर ओढलं आणि मिळेल ती नांदेडची बस पकडली. बसायला जागा होती, पण चाकूरपर्यंत मी दांडा धरून उभीच होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की, तिकीट तेवढंच हाय." अहमदपूरला बसले, लोह्याला परत उठले. डोक्यात एकच चाललं होतं. बाबा नाही म्हणाले तर? त्यांनी ती खुर्ची मनातून सोडून दिली असेल तर? मी जे चारचौघांत बोलले ते परत कसं घ्यायचं?

बाबा भावाच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पेपर थोडा उजवीकडं धरून, मान वळवून. ही मान मी रोज बघत होते आणि कधी बघितली नव्हती. मी चप्पल न काढताच चिठ्ठी त्यांच्या पेपरवर ठेवली.

"हे काय आहे, बाबा?"

त्यांनी बघितलं. "चाळीस."

"ऐंशी आहे. मी इंग्रजी लिहिलंय. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत झालं. नंतर."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी चिठ्ठीची घडी घातली. "चिठ्ठी तुझी असली तरी हात माझा होता. सव्वाचा सिलिंडर चाळीसवर येतो, न्हाई असं न्हाई, पण कमी येतो. पूर्वी असा आकडा दिसला की खिडकीतून विचारायचो, चार का आठ? ह्या वेळी विचारलं न्हाई. खरं सांगू? आता सगळंच धुरकट दिसतं, मग कशाकशाला विचारणार? विचारलं तर तुला कळलं असतं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, माझा, त्या उघड्या तोंडाच्या आठाचा. "चला," एवढंच म्हटलं. "तुमची खुर्ची तिथं आहे."

"आधी माझा नंबर काढ," बाबा म्हणाले. "मग ठरव. खोटं सांगायचं न्हाई. जमण्यासारखं नसंल तर न्हाई म्हण."

म्हणजे आता सगळं माझ्या तपासणीवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी लातुरात मी बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं. तक्ता त्यांनीच भिंतीला लावलेला, सगळ्या ओळी तोंडपाठ. म्हणून मी दुसरा आणून लावला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसत होता, काच कुठलीही घाला, ओळ पुढं सरकेना. मग उजवा. एक काच, दुसरी काच. "ही चांगली का आधीची?" बाबा लगेच उत्तर देत नव्हते, नीट विचार करून सांगत होते. आणि मी घाई केली नाही. वर्षानुवर्षं जुना चष्मा वापरून उजव्याचा नंबर बदलला होता, एवढंच. शेवटची ओळ त्यांनी एका दमात वाचली.

"डाव्याचं ऑपरेशन करावं लागेल," मी म्हटलं. "उजवा चांगला आहे. नव्या चष्म्यानं काम होईल. खरं सांगते आहे."

"मग लिही चिठ्ठी."

लिहिली. मराठीत, सावकाश, शाळेत गिरवल्यासारखी. बाबा उठून मागं गेले, मशीनवरचा कपडा काढला. मी चिठ्ठी खिडकीतून सरकवली. आतून आवाज आला, "ॲक्सिस नव्वद का दहा?"

इंग्रजी नऊ आणि मराठी एक दिसायला सारखेच की! चिठ्ठीत स्वच्छ मराठी ९० होतं, बाबा मुद्दाम विचारत होते. "नव्वद, बाबा," मी ओरडून सांगितलं. पुढं बसलेली गिऱ्हाईकं हसली.

अर्ध्या तासानं बाबा चष्मा घेऊन दाराशी आले. ओळंबा अजून चौकटीला होता. नव्वदची काच म्हणजे चष्मा सरळ धरला तरी दोरी अखंड दिसायला पाहिजे. त्यांनी धरला, बघितला, आणि माझ्याकडं दिला. "तू बघ. आता तपासल्याशिवाय काही जाऊ द्यायचं न्हाई. माझं बी."

मी चष्मा हातात घेतला आणि विचारलंच. "त्या दिवशी मिस्त्रीसमोर चिठ्ठी दाखवली असती तर? मी तुम्हाला एवढं बोलले."

"येडी हायेस का तू? तुझा आकडा चुकला म्हटलं असतं तर उद्या तुझ्याकडं डोळे तपासायला कोण आलं असतं? मी मागंच असतो. मागच्या माणसाला कोण बघतं?"

मी पटकन काच दोरीसमोर धरली. वरचा भाग, खालचा भाग, मधला तुकडा. मधला तुकडा हलत होता, तिरका जात होता.

"मोडलीय, बाबा."

"काय म्हणतीस?" ते जवळ आले, काचेकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"डोळे पूस आधी," बाबा म्हणाले. "पाण्यातून काहीबी सरळ दिसत न्हाई."

मी पदरानं डोळे पुसले आणि परत बघितलं.

"आता?"

"आता उभी आहे."